टेम्पो लवकर परतला, पण का? स्प्रेडशीटमधली एक छोटी चाचणी आणि साहेबांना सांगायचं उत्तर

आता किराणा मालाच्या गोदामातही स्प्रेडशीट असते, आणि ती भरणाऱ्या माणसाला कधीतरी हा प्रश्न येतोच: "आपण पद्धत बदलली, आकडे सुधारलेले दिसतात, पण फरक खरा आहे का?" उत्तरादाखल तो एक सूत्र लिहितो, पडद्यावर ०.००३२ असा आकडा येतो, तो आकडा साहेबांच्या मेलमध्ये जातो. साहेब विचारतात, "म्हणजे किती फायदा झाला?" त्या आकड्यात याचं उत्तर नसतं. त्यात काय असतं, काय नसतं आणि साहेबांना नेमकं काय कळवायला हवं, हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी तयार केले आहेत, पण स्प्रेडशीटमध्ये भरले तर खाली दिलेलीच उत्तरं येतील.

## प्रश्न काय आहे

पुण्यातलं एक गोदाम घ्या. तिथून रोज सकाळी दहा टेम्पो दहा मार्गांवर दुकानांना माल पोचवायला निघतात. आजवर माल जसा हाताला येईल तसा भरला जायचा. मग पहिल्याच दुकानापाशी खोकी इकडची तिकडे करत बसावं लागायचं. कुणीतरी सुचवलं की उलट्या क्रमाने भरा: शेवटच्या दुकानाचा माल सगळ्यात आत आणि पहिल्या दुकानाचा दाराशी. असं केलं तर फेरी लवकर संपेल का?

तपासायचं ठरलं. प्रत्येक मार्गावर एक आठवडा जुनी पद्धत, एक आठवडा नवी. कोणत्या मार्गावर कोणती पद्धत आधी, हे प्रत्येक मार्गासाठी नाणं उडवून ठरवलं. हे नाणं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच उभं राहणार आहे. चालक दोन्ही आठवडे तेच. वेळ मोजली ती गोदामाच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून परत आत येईपर्यंत, आणि प्रत्येक मार्गाची सहा दिवसांची सरासरी काढली.

| मार्ग | जुनी पद्धत (मिनिटं) | नवी पद्धत (मिनिटं) | वाचलेली मिनिटं |
|---|---|---|---|
| कोथरूड | १४२ | १३३ | ९ |
| वारजे | ११८ | ११४ | ४ |
| कात्रज | १६५ | १५४ | ११ |
| हडपसर | १८७ | १९० | −३ |
| औंध | १३१ | १२४ | ७ |
| विमाननगर | १५४ | १४२ | १२ |
| सिंहगड रोड | १२६ | १२४ | २ |
| बिबवेवाडी | १०९ | १०३ | ६ |
| पिंपळे सौदागर | १७२ | १६२ | १० |
| वाघोली | १९६ | १९४ | २ |

जुन्या पद्धतीची सरासरी १५० मिनिटं, नवीची १४४. दर फेरीला सहा मिनिटं वाचली.

## मग इथेच थांबायला काय हरकत आहे?

हरकत अशी की पद्धत अजिबात न बदलताही दोन आठवड्यांच्या वेळा सारख्या आल्या नसत्या. एखाद्या दिवशी चौकात कोंडी, एखाद्या दुकानात मालक उशिरा आला, एखाद्या दिवशी माल कमी. अशा कारणांनी काही मार्गांवर काही मिनिटं इकडे तिकडे होतातच. म्हणून विचारायचं ते हे: पद्धतीने काहीच फरक पडला नसता, तरी निव्वळ योगायोगाने सरासरी सहा मिनिटांचं अंतर दिसलं असतं का? आणि असं किती वेळा होईल?

हा प्रश्न मोजून सोडवायची रीत म्हणजे हायपोथिसिस टेस्ट. तिची सुरुवात मुद्दाम उलट्या बाजूने होते. आधी धरून चालायचं की नव्या पद्धतीने काहीच फरक पडलेला नाही. या गृहीतकाला नल हायपोथिसिस म्हणतात. मग बघायचं की ते खरं मानलं तर आपल्यासमोरचे आकडे कितपत विचित्र ठरतात. हा विचित्रपणा एका संख्येत सांगितला की तिला पी-व्हॅल्यू म्हणतात. ती जितकी लहान, तितकं "काहीच फरक नाही" हे म्हणणं आकड्यांशी न जुळणारं.

आपण वापरणार ती टी-टेस्ट. ती विल्यम गॉसेट यांनी डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करताना शोधली आणि १९०८ मध्ये 'स्टूडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. नमुने मोजकेच असतात तेव्हा निष्कर्ष कसा काढायचा, ही त्यांची रोजची अडचण होती. आपल्याकडे दहाच मार्ग आहेत, म्हणून तीच टेस्ट इथे कामाची.

## सूत्र एक, जागा चार

समजा A स्तंभात मार्गांची नावं, B मध्ये जुन्या वेळा, C मध्ये नव्या, आणि पहिल्या ओळीत शीर्षकं. आकडे दुसऱ्या ओळीपासून अकराव्यापर्यंत. D2 मध्ये फरक काढा आणि तो खाली ओढा. मग एखाद्या रिकाम्या चौकटीत मुख्य सूत्र:

```
=B2-C2
=T.TEST(B2:B11,C2:C11,2,1)
```

कंसात चार गोष्टी आहेत. पहिल्या दोन म्हणजे तुलना करायचे दोन स्तंभ. तिसऱ्या जागी २ आहे, म्हणजे फरक कोणत्याही बाजूचा असू शकतो हे आपण मान्य केलंय: नवी पद्धत वेळ वाचवेल किंवा वाया घालवेल. तिथे १ लिहिलं तर फक्त एकाच बाजूचा विचार होतो आणि आपल्या आकड्यांवर उत्तर बरोबर निम्मं, ०.००१६ येतं. निकाल बघून झाल्यावर २ चं १ करणं ही लबाडी आहे, कारण बाजू कोणती ते आता आपल्याला माहीत झालेलं असतं. जे ठरवायचं ते आकडे गोळा करण्याआधी. खात्री नसेल तर २ ठेवा.

चौथी जागा सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकणारी. तिथे १ म्हणजे आकडे जोडीने आहेत, २ आणि ३ म्हणजे ते दोन वेगवेगळ्या गटांचे आहेत. आपल्याकडे कोथरूडची जुनी वेळ आणि कोथरूडचीच नवी वेळ अशी जोडी आहे, म्हणून १.

उत्तर येतं ०.००३२.

## जोडी सुटली की काय होतं

त्याच सूत्रात शेवटी १ च्या जागी ३ लिहून पाहा. आकडे तेच, सरासरीतला फरक तोच सहा मिनिटांचा, पण उत्तर येतं ०.६६. एका उत्तरावरून फरक ठळक दिसतो, दुसऱ्यावरून तो योगायोगात सहज बुडून जातो. पडद्यावर चुकीची कुठलीही खूण नाही. म्हणून हे कशामुळे होतं ते समजून घेणं गरजेचं आहे.

बिबवेवाडीची फेरी १०९ मिनिटांची आणि वाघोलीची १९६ मिनिटांची. मार्गामार्गांत दीड तासापर्यंत अंतर आहे, कारण वाघोली लांब आहे. नवी पद्धत त्याला काय करणार? शेवटी ३ लिहिलं की आपण स्प्रेडशीटला सांगतो की हे दहा मार्ग वेगळे आणि ते दहा मार्ग वेगळे. मग ती विचार करते की मार्गांत एवढी तफावत असेल तर दहा-दहाच्या दोन गटांच्या सरासऱ्यांत सहा मिनिटांचं अंतर पडणं काहीच विशेष नाही. तिचं बरोबरच आहे, प्रश्नच आपण चुकीचा विचारला. शेवटी १ लिहिलं की ती फक्त D स्तंभ बघते. तिथे वाघोली लांब आहे ही बाब वजाबाकीतच निघून गेलेली असते, आणि उरलेले फरक उणे तीन ते बारा एवढ्याच पट्ट्यात असतात.

ओळखायचं कसं? स्वतःला विचारा: एका स्तंभातले आकडे वरखाली हलवले तर काही बिघडतं का? कोथरूडची नवी वेळ वाघोलीसमोर गेली तर तुलना निरर्थक होते, म्हणून इथे जोडी आहे. उलट, दहा टेम्पोंवर जुनी पद्धत आणि दुसऱ्याच दहा टेम्पोंवर नवी वापरली असती, तर कोणासमोर कोण याला अर्थ नसता. तेव्हा ३.

याच कारणाने एकच स्तंभ सॉर्ट करणं घातक. नवी वेळ चढत्या क्रमाने दिसावी म्हणून कुणी फक्त C निवडून सॉर्ट केला, तर जोड्या तुटतात आणि सूत्र मुकाट्याने वेगळंच उत्तर देतं. D स्तंभावर नजर ठेवा. तिथे अचानक पन्नास, उणे साठ असे फरक दिसू लागले तर समजा की ओळी विसकटल्या. एखादी चौकट रिकामी राहिली किंवा तिथे '१४२ मि.' असा मजकूर असला तर ती संख्या म्हणून मोजलीच जात नाही. `=COUNT(B2:B11)` आणि `=COUNT(C2:C11)` ही दोन्ही उत्तरं दहा आहेत का, एवढं आधी बघून घ्यावं.

## ०.००३२ म्हणजे नेमकं काय?

आता त्या नाण्याकडे. समजा पद्धतीने खरोखर काहीच फरक पडत नाही. मग कोथरूडच्या दोन आठवड्यांच्या वेळा १४२ आणि १३३ कशाही आल्या असत्या, माल कसाही भरला तरी. त्यातल्या कोणत्या वेळेवर 'जुनी' आणि कोणत्यावर 'नवी' असा शिक्का बसला, हे फक्त नाण्याने ठरवलं. नाणं उलटं पडलं असतं तर नऊ मिनिटं वाचण्याऐवजी नऊ मिनिटं वाया गेलेली दिसली असती. दहाही मार्गांचं तसंच.

दहा नाणी पडण्याचे एकूण प्रकार १,०२४. आपल्याला मिळालेल्या फरकांची बेरीज ६० आहे. चिन्हं बाजूला ठेवून सगळे फरक मिळवले तर ६६ होतात, म्हणजे सगळी नाणी नव्या पद्धतीच्या बाजूने पडली असती तरी बेरीज ६६ च्या वर गेली नसती. मग ६० किंवा जास्त किती प्रकारांत येते? एखादा फरक प्लसचा मायनस झाला की बेरीज त्याच्या दुपटीने घटते. त्यामुळे मायनस होणाऱ्या फरकांची बेरीज ३ च्या वर जाऊन चालत नाही. म्हणजे एकही मायनस नाही, किंवा फक्त सिंहगड रोडचे २, किंवा फक्त वाघोलीचे २, किंवा फक्त हडपसरचे ३. एकूण चार प्रकार. तेवढाच मोठा फरक उलट्या बाजूने दिसण्याचेही चार. म्हणजे १,०२४ पैकी ८, हजारात सुमारे आठ.

पी-व्हॅल्यू ती हीच. कागदावर मोजता येते, आणि साहेबांनाही पाच मिनिटांत मोजून दाखवता येते. टी-टेस्टने हजारात आठऐवजी तीन सांगितलं, कारण ती एक जास्तीची गोष्ट धरून चालते: फरक मधल्या मूल्याभोवती घंटेच्या आकारात पसरलेले आहेत. ते साधारण खरं असेल तर तिचं उत्तर नेमकं असतं. दोन्ही उत्तरं एकाच बाजूला बोट दाखवतायत, म्हणून इथे वाद नाही. पण एखाद्याच मार्गाचा फरक इतरांच्या कितीतरी पट मोठा असेल, तर टी-टेस्टवर एकटीवर विसंबू नका. असं नाणेमोजणीचं उत्तरही काढून बघा.

## "म्हणजे नवी पद्धत चांगली असल्याची ९९.७ टक्के खात्री?"

नाही. साहेब हा प्रश्न हमखास विचारतात आणि मान डोलावण्याचा मोह होतो. पी-व्हॅल्यू 'फरक नाही' असं धरून काढलेली असते. त्या गृहीतकाखाली असे आकडे किती दुर्मीळ आहेत, एवढंच ती सांगते. गृहीतक खरं असण्याची शक्यता किती, हा दुसरा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी ती कल्पना आधीपासून किती पटण्यासारखी होती हेही लागतं. टेम्पोवर शुभरंगाची रिबीन बांधल्याने वेळ वाचतो असा दावा असता आणि आकडे हेच आले असते, तर आपण हजारात तीन हा आकडा बघूनही थांबलो असतो. माल उलटा भरल्याने दुकानापाशी खोकी हलवायला लागत नाहीत, हे मात्र डोळ्यांना दिसतं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूबद्दल एक निवेदन काढलं. त्यातही स्पष्ट म्हटलंय की पी-व्हॅल्यू गृहीतक खरं असण्याची शक्यता मोजत नाही.

आणि ०.०५ ची ती प्रसिद्ध रेषा? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये ती सोयीची म्हणून सुचवली आणि मग ती रूढ झाली. ०.०४९ आणि ०.०५१ यांत काहीच अंतर नाही. रेषा वापरायचीच असेल तर आधी ठरवून वापरा, आणि रोज संध्याकाळी सूत्र चालवून आकडा रेषेखाली आला त्या दिवशी प्रयोग थांबवू नका. रोज डोकावलं तर काहीच फरक नसतानाही कधीतरी तो आकडा खाली जाण्याची शक्यता बरीच वाढते.

## साहेबांना मिनिटं सांगा

साहेबांना लागते ती किंमत, आणि ती मिनिटांत आहे. D स्तंभाची सरासरी आणि तिच्याभोवतीचा पट्टा असा काढतात:

```
=AVERAGE(D2:D11)
=CONFIDENCE.T(0.05,STDEV.S(D2:D11),10)
```

पहिल्याचं उत्तर ६, दुसऱ्याचं सुमारे ३.४. सहातून ३.४ वजा केले आणि सहात ३.४ मिळवले की २.६ ते ९.४ मिनिटं असा पट्टा मिळतो. सोप्या शब्दांत, आपल्या दहा मार्गांच्या आकड्यांशी जुळणारी खरी बचत एवढ्या टप्प्यात कुठेही असू शकते. हा पट्टा ज्या रीतीने काढला, ती रीत शंभर वेगवेगळ्या प्रयोगांत वापरली तर साधारण पंच्याण्णव वेळा खरा आकडा पट्ट्यात सापडतो. पट्टा शून्याला शिवत नाही, आणि लहान पी-व्हॅल्यू तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगत होती. पण पट्टा जास्त बोलतो, कारण कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हेही तो दाखवतो.

दहा टेम्पोंचं गणित धरलं तर रोज सरासरी एक तास, कमीत कमी २६ मिनिटं, जास्तीत जास्त दीड तासाच्या थोडं वर. साहेबांना मेल लिहायचा तर मी असा लिहीन:

"सर, माल उलट्या क्रमाने भरल्यावर दहापैकी नऊ मार्गांवर फेरी लवकर संपली. सरासरी बचत दर फेरीला सहा मिनिटं आहे. आकडे थोडे असल्यामुळे खरी बचत अडीच ते साडेनऊ मिनिटांच्या मध्ये कुठेही असू शकते. पद्धतीने काहीच फरक पडत नसता तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक हजारात आठ-दहा वेळांहून जास्त दिसला नसता. गोदामात भरायला किती जास्त वेळ लागतो, ते यात धरलेलं नाही."

टी-टेस्ट, पी-व्हॅल्यू हे शब्द त्यात नाहीत, आणि साहेबांचं काही अडलेलं नाही. कुणी हिशोब मागितला तर शीट जोडलेली असावी. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर आहे.

## "त्या आठवड्यात शाळांना सुट्टी होती, रस्ते मोकळे होते!"

ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर स्प्रेडशीटमध्ये सापडत नाही. ते नाण्यात आहे. पहिला आठवडा सगळीकडे जुनी पद्धत आणि दुसरा सगळीकडे नवी असं केलं असतं, तर दुसऱ्या आठवड्यातली सुट्टी सगळा फायदा नव्या पद्धतीच्या पदरात टाकून गेली असती. सूत्राने तेव्हाही ०.००३२ च दाखवलं असतं. फरक योगायोगाचा दिसत नाही, एवढंच ते म्हणालं असतं. कारण सुट्टी की खोक्यांचा क्रम, ते त्याला कळत नाही. नाणं उडवल्यामुळे काही मार्गांवर नवी पद्धत पहिल्या आठवड्यात पडली आणि काहींवर दुसऱ्या, म्हणून मोकळ्या रस्त्याचा फायदा दोन्ही पद्धतींना वाटला गेला. कुणाला जास्त मिळाला असेल तर तोही नाण्याचाच खेळ, आणि तो १,०२४ च्या मोजणीत आधीच धरलेला आहे.

नाणं एका गोष्टीवर मात्र चालत नाही. चालकांना माहीत होतं की कोणता आठवडा नव्या पद्धतीचा आहे. आपल्याकडे बघितलं जातंय म्हणून कुणी त्या आठवड्यात चहाचा थांबा गाळला असेल, तर ती बचतही भरण्याच्या क्रमाच्या नावावर जमा होते. यावर उपाय म्हणजे दोन महिन्यांनी, सवय झाल्यावर, परत मोजणं.

## "आपल्याकडे रोजच्या साठ नोंदी आहेत, मग दहाच का?"

दहा मार्ग, सहा दिवस, म्हणजे साठ ओळी. त्या सगळ्या सूत्रात टाकल्या की पी-व्हॅल्यू बहुतेक वेळा आणखी लहान होते आणि निकाल दणदणीत दिसतो. पण कोथरूडचे सहा दिवस म्हणजे सहा वेगळे पुरावे होत नाहीत. तोच चालक, तीच दुकानं, तेच चौक. कोथरूडला उलट भरणं सोयीचं असेल तर सहाही दिवस सोयीचं असेल. स्प्रेडशीट मात्र प्रत्येक ओळ स्वतंत्र साक्षीदार समजते. पद्धत बदलली ती मार्गावर, नाणं उडवलं ते मार्गासाठी, म्हणून मोजणीचं एकक मार्गच. सहा दिवसांचा उपयोग झाला तो प्रत्येक मार्गाची सरासरी जास्त भरवशाची करण्यात, आणि तो करून झालेला आहे.

हडपसरची ओळ काढून टाका, असंही कुणी सुचवेल. ती काढू नका. तिथे वेळ वाढला याचं कारण शोधायला हवं. त्या मार्गावर दुकानांचा क्रम रोज बदलत असेल, तर उलटं भरण्याचा उपयोगच नाही. कारण सापडलं तर ते मेलमध्ये लिहा, पण आकडा जागेवर राहू द्या. निकाल आवडला नाही म्हणून ओळ गाळली की वरच्या सगळ्या मोजणीचा आधार जातो.

## "ठीक आहे, मग उद्यापासून सुरू करू?"

आता मेलमधलं शेवटचं वाक्य. वेळ फाटकापासून फाटकापर्यंत मोजली होती. उलट्या क्रमाने भरायचं तर आधी यादी लावावी लागते, आणि समजा गोदामात दर टेम्पोमागे चार मिनिटं जास्त जातात. मग E स्तंभात नव्या वेळेत चार मिळवा आणि परत चाचणी करा:

```
=C2+4
=T.TEST(B2:B11,E2:E11,2,1)
```

उत्तर सुमारे ०.२२. सरासरी निव्वळ बचत दोन मिनिटं, आणि पट्टा उणे १.४ ते ५.४. फेरी लवकर संपते याची चांगली साक्ष असतानाही, पूर्ण व्यवहारात फायदा आहे की तोटा हे या आकड्यांवरून ठरत नाही. म्हणूनच "पी-व्हॅल्यू ०.००३२, निकाल महत्त्वपूर्ण" एवढंच लिहून पाठवलेला मेल साहेबांची दिशाभूल करतो, जरी त्यातला शब्दन् शब्द बरोबर असला तरी.

०.२२ वाचतानाही तेवढीच काळजी घ्यायला हवी. "फायदा नाही असं सिद्ध झालं" असं कळवू नका. पट्ट्यात पाच मिनिटांचा फायदाही बसतो आणि जवळपास दीड मिनिटाचा तोटाही. म्हणजे आपल्याकडे अजून पुरेसे आकडे नाहीत. पट्टा निम्मा करायचा तर साधारण चौपट मार्ग लागतात. चाळीस मार्ग असते आणि फरकांची पसरण हीच राहिली असती, तर ३.४ च्या जागी सुमारे १.५ आले असते, आणि दोन मिनिटांची निव्वळ बचत शून्याच्या वर स्पष्ट उठून दिसली असती. या गोदामाकडे दहाच मार्ग आहेत. त्याच मार्गांवर आणखी आठवडे मोजल्याने थोडी मदत होईल, पण मार्गामार्गांतला खरा फरक त्याने मिटणार नाही.

साहेबांना त्यामुळे दोन रस्ते सांगता येतात. एक, दुसऱ्या गोदामातले मार्ग घेऊन, नाणं उडवून हाच प्रयोग करायचा आणि या वेळी भरण्याची वेळही मोजायची. दुसरा रस्ता स्वस्त आहे: दुकानांची यादी आदल्या संध्याकाळीच उलट्या क्रमाने छापून ठेवायची आणि भरायला लागणारी जास्तीची चार मिनिटं दोनवर येतात का ते बघायचं. दोनवर आली तर पट्टा ०.६ पासून ७.४ मिनिटांपर्यंत जातो, म्हणजे पूर्ण शून्याच्या वर.